प्रतिसाद: लहान मुलांचा ताप आणि अ‍ॅस्पिरिन

> "सात वर्षांच्या मुलाला फ्लूसारखा ताप आहे. घरात डिस्प्रिन आहे, अर्धी गोळी विरघळवून दिली तर चालेल का?"

नाही, पाव गोळीही देऊ नका. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच. फ्लू किंवा कांजिण्यांत मुलांना अ‍ॅस्पिरिन दिलं तर क्वचित 'राय सिंड्रोम' होतो. ऑस्ट्रेलियातल्या डग्लस राय यांनी १९६३ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात यकृताच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पडते, रक्तात अमोनिया साठतो आणि मेंदूला सूज येते. अमेरिकेत १९८० मध्ये ५५५ रुग्णांची नोंद झाली होती. पालकांना सावध केल्यावर आकडा झपाट्याने उतरला, म्हणून अ‍ॅस्पिरिनवरचा संशय इतका पक्का आहे.

फसवं असं की ताप उतरून मूल बरं होतंय असं वाटत असतानाच हे सुरू होतं. उलट्या थांबत नाहीत, मूल सुस्त पडतं किंवा एकदम चिडचिडं होतं, असंबद्ध बोलू लागतं. कावीळ सहसा दिसत नाही, त्यामुळे यकृताकडे लक्षच जात नाही. असं दिसलं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा आणि अ‍ॅस्पिरिन दिलं असेल तर आधी ते सांगा.

तापाला पॅरासिटामॉल द्या, एका वेळी वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. मुलगा २० किलोचा असेल तर ३०० मिलिग्रॅम. दोन डोसांत सहा तास ठेवा. आपल्याकडे डेंग्यूचीही शंका असतेच, त्यात अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढतो.

कावासाकीसारख्या आजारात डॉक्टर मुद्दाम अ‍ॅस्पिरिन देतात. ते मनाने बंद करू नका, ताप आला की त्यांना फोन करा.