आबांच्या जमिनीबद्दल ताईचं पत्र – घरच्या ग्रुपवरून

दादा: ताई, शनिवारी तालुक्याला ये. हक्कसोडपत्राचा कागद तयार आहे, सही करून दुपारी परत जाशील. आधार कार्ड आण.

ताई: दादा, येते. पण त्या सहीसाठी नाही. फोनवर बोलले तर माझा गळा भरून येईल आणि तुझा आवाज चढेल, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहिते. सावकाश वाचा.

दादा, बापू,
आबांचं वर्षश्राद्ध झालं. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. मला माझा हिस्सा हवा आहे, तुमच्यापेक्षा जास्त नको आणि कमीही नको.

जिरायतीचा गट 100 गुंठे, तो आजोबांकडून आलेला. विहिरीचा बागायत गट 60 गुंठे, तो आबांनी स्वतः घेतलेला. बागायतीचा हिशोब सोपा आहे. मृत्युपत्र नाही, त्यामुळे आई आणि आपण तिघं असे चार वारस, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. जिरायत वडिलोपार्जित धरली तर आबा असतानाच वाटणी झाली असं समजून पाच वाटे पडतात, 20-20 गुंठ्यांचे. त्यात आबांचा जो वाटा, त्याचे पुन्हा चार भाग, म्हणजे पाच-पाच गुंठे. प्रत्येकाला 25. आणि वडिलोपार्जित नाही असं धरलं तरी 100 चे चार भाग 25 च. जमीन कोणत्या प्रकारची यावर आपण भांडायचं कारणच नाही.

आता माझा प्रस्ताव. बागायतीचे चार पट्टे पाडले तर पाइपलाइन कुणाच्या वावरातून न्यायची यावरूनच पुढची दहा वर्षं जातील. मला बागायत नको. बागायतीचा एक गुंठा म्हणजे जिरायतीचे दोन, असा भाव आपण आपसात धरू. 60 चे 120 झाले, त्यात 100 मिळवले की 220. चौघांत 55. मला जिरायतीतले 55 गुंठे द्या, रस्त्याच्या उलट्या बाजूचे चालतील, फक्त जायला वहिवाट कागदावर लिहा. विहिरीवर माझा हक्क राहणार नाही. उरलेली जिरायत 45 आणि बागायत 60 तुम्ही तिघांनी सारखी घ्या, म्हणजे प्रत्येकी 20 बागायत आणि 15 जिरायत.

मोटर आणि पाइपलाइन दादाने स्वतःच्या पैशाने केली, ती वाटणीत धरायची नाही. सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्यावर बोजा म्हणून आहे. ते आबांच्या नावचं, पैसे घरात लागले, तेव्हा त्यातला चौथा भाग मी भरेन.
तुमची, ताई

काका: पोरी, तुझ्या लग्नात आबाने दोन एकराचा पैसा घातला होता. ते विसरलीस?

ताई: काका, विसरले नाही. दादाच्या लग्नातही मांडव होता, बापूच्या शिक्षणातही पैसा गेला. ते आबांनी हौसेनं केलं. लग्नात खर्च झाला म्हणून जमिनीतला वाटा सुटत नाही. सुटतो तो मी स्वतः नोंदणीकृत हक्कसोड करून दिला तरच.

दादा: कायदा 2005 चा ना? तुझं लग्न त्याच्या आधीचं. तू त्यात बसत नाहीस.

ताई: बसते, दादा. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानेच मुलासारखी वाटेकरी धरली जाते, लग्न झालेलं असो वा नसो. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असणंसुद्धा गरजेचं नाही. आपले आबा तर गेल्या वर्षापर्यंत होते. आणि आबांच्या स्वतःच्या जमिनीत मुलीचा वाटा 1956 पासूनच आहे.

वहिनी: मध्ये बोलते, माफ करा. माझ्या माहेरी मी अशीच सही केली होती. भाऊबीजेला साडी येते. वावराचा बांध मात्र नंतर कधी पाहिला नाही.

(दादाने बराच वेळ काही लिहिलं नाही. निळ्या खुणा दिसत होत्या.)

बापू: ताई, तुझा हिशोब बरोबर, पण एक अडचण आहे. मी सेतू केंद्रातल्या मित्राला विचारलं. तुकडेबंदीत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आहे, बागायतीचं 10. आम्हा तिघांना जिरायतीचे 15-15 गुंठे आले की ते तुकडे ठरतात. तहसीलदार अशी वाटणी करणार नाही.

ताई: अरे हो! हे माझ्या लक्षातच आलं नाही. थांब, वहीवर मांडते.

ताई: हे बघा. आईला जिरायत द्यायचीच नाही. तिला विहिरीलगतची साडेसत्तावीस गुंठे बागायत, दुपटीने तिचे 55 पुरे होतात. उरते बागायत साडेबत्तीस आणि जिरायत 45. दादाला आणि बापूला प्रत्येकी सव्वासोळा गुंठे बागायत आणि साडेबावीस गुंठे जिरायत. सव्वासोळाचे दुप्पट साडेबत्तीस, अधिक साडेबावीस, म्हणजे 55. कुणाचाच तुकडा 20 च्या किंवा 10 च्या खाली जात नाही.

बापू: बसतंय. आईला चालायलाही विहिरीपाशीच बरं.

दादा: आणि आईच्या माघारी? तिच्या वाट्याचं काय?

ताई: आई आहे तोवर ते तिचं. तिने मृत्युपत्र केलं तर ती म्हणेल तसं, नाहीतर तिघांना सारखं. आज त्यावर बोलायला नको, आई वाचते आहे.

बापू: आईने सांगितलेलं टाइप करतो: "मी जिवंत आहे तोवर कुणी मला कोर्टात नेऊ नका. पोरगी नीट बोलली. तिला द्या."

दादा: तलाठ्याने वारस नोंदीला दोघांचीच नावं घालू म्हटलं होतं. ताईचं नंतर बघू, असं.

ताई: तसं करू नको, दादा. वारस नोंदीत आईसह चौघांची नावं आली पाहिजेत. एक नाव गाळून फेरफार मंजूर झाला तरी माझा हक्क जात नाही, फक्त पुढे अपील आणि वकिलाची फी वाढते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊ. नोटीस निघेल, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील. चौघांची नावं चढली की सगळ्यांच्या संमतीने कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज. आपसातल्या साध्या स्टॅम्पवर लिहून ठेवायचं नाही. गावात किती जणांचं तसंच अडकलंय, तुलाच माहीत.

दादा: मोजणी?

ताई: वाटपाचा आदेश झाल्यावर भूमी अभिलेखकडे पोटहिस्सा मोजणी. त्या दिवशी आपण सगळे हजर राहू आणि खुणा लगेच दगडाने पक्क्या करू. सातबारे वेगळे झाले तरी माझं वावर तूच कस, दादा. उत्पन्नातलं काय द्यायचं ते दर वर्षी बोलू आणि लिहून ठेवू.

दादा: बरं. हक्कसोडचा कागद राहू दे. शनिवारी ये, आधी वारस नोंदीचा अर्ज करू. पण विहिरीच्या पाळ्या? तिघांची मोटर एकाच वेळी चालणार नाही.

बापू: दादा दोन दिवस, मी दोन दिवस, आईचे तीन. आईचं पाणी तसंही दादाच देणार. वाटपाच्या कागदातच लिहून घेऊ, म्हणजे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विहिरीचा हिस्साही चढेल.

दादा: आईला तीन का?

बापू: तिचं रान मोठं आहे.

दादा: ठीक. ताई, येताना आबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती आण, माझ्याकडची झेरॉक्स पुसट आहे.

ताई: आणते. बांधावरचा आंबा कुणाच्या हद्दीत जातोय ते मोजणीत कळेलच.

वहिनी: आंबे सगळ्यांचे. ते मी आत्ताच सांगून ठेवते.