मदत हवी आहे: नाशिकमध्ये बाळाला पाजायला आणि आईसाठी स्वच्छ जागा कुठे?

पुढच्या आठवड्यात बहीण, तिचं चार महिन्यांचं बाळ आणि आई मुंबईहून रेल्वेने येतायत. सकाळी नाशिकरोडला उतरून रामकुंड-काळाराम, मग दुपारच्या एसटीने वणीच्या गडावर. बाळाला दर दोन-अडीच तासांनी पाजावं लागतं आणि आईला मधुमेह, त्यामुळे तिला सारखं जावं लागतं. जागा मिळणार नाही म्हणून ती पाणीच पीत नाही, आणि नेमकं त्यानेच लघवीला जळजळ सुरू होते.

स्टेशनवरच्या महिला प्रतीक्षालयात पहिली सोय होईल, तिकीट जपून ठेवायला सांगितलंय. अडचण पुढची आहे. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, पण बऱ्याच ठिकाणी त्याला कुलूप असतं किंवा आत सामान भरलेलं असतं. सीबीएसचा सध्या उघडा असतो का? किल्ली चौकशी खिडकीवर मिळते की वाहतूक नियंत्रकाकडे? आत पंखा आणि आतून कडी आहे का? (पडदा असून कडी नसेल तर उपयोग शून्य.)

दुसरं, पंचवटीत रामकुंडाच्या आसपास असं स्वच्छतागृह सांगा जिथे पाणी येतं, पॅड टाकायला डबा आहे आणि एखादी तरी कमोडची सीट आहे. आईचे गुडघे वाकत नाहीत. पैसे पडले तरी चालतील.

वणीच्या रस्त्यावर बस थांबते तिथली अवस्था कशी आहे? शक्यतो गेल्या महिन्या-दोन महिन्यांत स्वतः गेलेल्या बायकांनीच सांगा, प्लीज.