रात्री अडीचला डॉलरमध्ये पैसे कापले गेले: कार्डचे स्विच आणि टोकन

निखिल (बी १०४): सगळ्यांना गुड मॉर्निंग. एक सावध करायचं होतं. रात्री २.३७ ला माझ्या क्रेडिट कार्डवर १ डॉलरचा व्यवहार झाला आणि २.४१ ला १८९ डॉलरचा. ओटीपी आलाच नाही, थेट पैसे कापल्याचा मेसेज. सकाळी सहाला पाहिलं आणि बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक केलं.

मानसी वहिनी (ए ४०३): अरे देवा! ओटीपीशिवाय कसं काय?

कुलकर्णी काका (ए २०२): निखिल, तूच तर मला सांगत होतास ना, आता कार्डं टोकनवर असतात, नंबर कुठे राहतच नाही म्हणून?

निखिल (बी १०४): हो ना काका. माझाही तोच प्रश्न आहे. सगळ्या ॲपमध्ये मी टोकनला हो म्हटलंय. मग नंबर गेला कुठून? स्नेहाताई, तुम्ही कार्डांच्याच कामात आहात, जरा सांगा ना.

स्नेहा (सी ५०१): सांगते. आधी एक विचारते. गेल्या काही महिन्यांत परदेशी साइटवर कार्ड वापरलं होतंस का?

निखिल (बी १०४): हो, सुट्टीसाठी हॉटेल बुक केलं होतं. साइट तिकडचीच होती. त्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल ऑनलाइन चालू केलं होतं.

स्नेहा (सी ५०१): आणि नंतर बंद केलं?

निखिल (बी १०४): नाही. 😐

स्नेहा (सी ५०१): मग त्या साइटवरूनच नंबर गेला असं मी म्हणणार नाही, ते ठरवायला पुरावा लागतो. पण पैसे कुठून कापले गेले ते दिसतंय, त्याच उघड्या दारातून. भारतातल्या दुकानदाराकडे ऑनलाइन पैसे देताना कार्डाच्या तपशिलाशिवाय आणखी एक पुरावा लागतो, बहुतेक वेळा ओटीपी. परदेशी दुकानदार तो मागेलच असं नाही. नंबर आणि एक्स्पायरी, कधी सीव्हीव्ही, एवढ्यावर काम होतं. १ डॉलर हा अंदाज घेण्यासाठी असतो. कार्ड चालू आहे का आणि इंटरनॅशनल उघडं आहे का, दोन्ही कळतं. चार मिनिटांत मोठी रक्कम कापली गेली ती त्यामुळेच.

पाटील (सेक्रेटरी): मध्येच लिहितो, क्षमस्व. आज ११ ते १ पाण्याची टाकी साफ होणार आहे. पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

कुलकर्णी काका (ए २०२): बरं. पण मग टोकनचं काय झालं? ते काय शोभेला आहे?

स्नेहा (सी ५०१): शोभेला नाही काका, पण त्याचं काम वेगळं आहे. एक उदाहरण घेऊन सांगते, जरा लांबेल.

समजा किराणा मागवायच्या ॲपमध्ये तुम्ही कार्ड सेव्ह करताय. १६ आकडी नंबर टाकला, संमतीच्या चौकोनावर टिक केली, ओटीपी दिला. पूर्वी इथे तो नंबर ॲपवाल्यांच्या सर्व्हरवर जाऊन बसायचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ते बंद केलं. आता नंबर ठेवायची परवानगी फक्त कार्ड देणाऱ्या बँकेला आणि कार्ड नेटवर्कला, म्हणजे रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड वगैरेंना. ॲपवाल्यांचा पेमेंट गेटवे तुमचा नंबर नेटवर्ककडे पाठवतो, बँक होकार देते आणि बदल्यात एक दुसरा नंबर परत येतो. तोच टोकन. दिसायला कार्ड नंबरसारखाच असतो. ॲपकडे राहतो तो टोकन, शिवाय तुमच्या खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव, तेही तुम्हाला कार्ड ओळखू यावं आणि हिशोब जुळावा म्हणून.

पुढच्या वेळी पैसे देताना ॲप टोकन पाठवतं आणि त्याच्याबरोबर त्या एका व्यवहारापुरता तयार झालेला एक सांकेतिक कोड जातो. टोकन आणि खरा नंबर यांची जोडी नेटवर्कच्या तिजोरीत असते, तिथे बघून नेटवर्क टोकनचा खरा नंबर करतं, तो बँकेकडे पाठवतं, तुम्ही ओटीपी देता, पैसे जातात. ॲपला खरा नंबर पुन्हा दिसतच नाही.

मानसी वहिनी (ए ४०३): आणि त्या ॲपचा डेटा चोरीला गेला तर?

स्नेहा (सी ५०१): चोराच्या हाती टोकन लागेल. पण टोकन कार्ड, तो दुकानदार आणि टोकन मागणारा अशा तिघांच्या जोडीला बांधलेला असतो. दुसऱ्या साइटवर टाकला की नेटवर्क नाकारतं. त्या एका वेळच्या कोडशिवाय तसाही उपयोग नाही. आणि टोकनवरून उलटा हिशोब करून खरा नंबर काढता येत नाही, जोडी फक्त तिजोरीतच असते. बँकेला तेवढा एक टोकन रद्द करावा लागतो, तुमचं कार्ड चालूच राहतं.

निखिल (बी १०४): म्हणजे टोकन दुकानदाराकडे पडून असलेल्या प्रतीला सांभाळतो. मी परदेशी साइटवर खरा नंबर टाइप केला तर तिथे त्याचा काही संबंधच नाही.

स्नेहा (सी ५०१): अगदी बरोबर. हा नियम आपल्याकडच्या व्यवहारांना लागू आहे. तिकडच्या साइटने खरा नंबर ठेवून घेतला तर आपला नियम तिथे पोचत नाही. खोट्या साइटवर तुम्ही स्वतः नंबर भरलात, तरी तेच. नंबर बाहेर गेल्यावर तुमच्या हातात जे उरतं ते म्हणजे बँकेच्या ॲपमधले स्विच.

कुलकर्णी काका (ए २०२): ते स्विच आम्हाला नवीन कार्ड आल्यावर कळले. ऑनलाइन काही चालेचना. बँकेत गेलो तर म्हणाले, कार्ड चालूच आहे, तुम्ही ऑनलाइन सुरू केलेलं नाही.

स्नेहा (सी ५०१): तो नियम जानेवारी २०२० चा, १६ मार्च २०२० पासून लागू. नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून चालतं. ऑनलाइन, परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणं, हे तिन्ही तुम्ही मागाल तेव्हाच सुरू होतं. ॲप, नेट बँकिंग, एटीएम, फोन यांपैकी कुठूनही, रात्री-अपरात्रीसुद्धा बदलता येतं. प्रत्येकाची मर्यादाही तुम्हीच ठरवू शकता.

हे स्विच दुकानदाराकडे नसतात, बँकेकडे असतात. मागणी नेटवर्कमधून बँकेपर्यंत येते, बँक पाहते की इंटरनॅशनल ऑनलाइन बंद आहे, आणि नकार देते. नंबर, एक्स्पायरी, सीव्हीव्ही सगळं बरोबर असलं तरी. निखिलचा स्विच बंद असता तर १ डॉलरलाच काम थांबलं असतं.

निखिल (बी १०४): आणि मला पैसे कापल्याचा मेसेज न येता व्यवहार नाकारल्याचा आला असता.

स्नेहा (सी ५०१): हो, आणि तो मेसेज लोक हसून सोडून देतात, 'बरं झालं, थांबला'. तुम्ही न केलेला व्यवहार नाकारल्याचा मेसेज आला म्हणजे नंबर कोणाच्या तरी हातात आहे. स्विचने पैसे वाचले, पण गेलेला नंबर परत येत नाही. कार्ड बदलूनच घ्यायचं.

मानसी वहिनी (ए ४०३): मी तर आजच सगळंच बंद करून टाकते.

स्नेहा (सी ५०१): वहिनी, देशातलं ऑनलाइन बंद केलंत तर सेव्ह केलेल्या कार्डाने किराणासुद्धा येणार नाही, कारण टोकनवरचा व्यवहारही ऑनलाइनच धरतात. दर महिन्याला आपोआप जाणारे पैसेही अडकू शकतात. रोज वापरत असाल तर चालू ठेवा आणि मर्यादा खाली आणा. इंटरनॅशनलचे दोन्ही स्विच, ऑनलाइनचा आणि परदेशात जाऊन वापरायचा, मात्र बंदच बरे. लागेल तेव्हा उघडायचं, काम झालं की त्याच बसण्यात बंद.

मानसी वहिनी (ए ४०३): आणि ते टॅपचं? म्हणतात गर्दीत कोणी पर्सला मशीन लावून पैसे काढतो.

स्नेहा (सी ५०१): त्याची मला फारशी भीती वाटत नाही. मशीन कार्डापासून काही सेंटिमीटरवर यावं लागतं, आणि ते मशीन कोणाच्या तरी बँक खात्याला जोडलेलं असतं, पैसे गेले ती जागा सापडते. खरी अडचण कार्ड हरवल्यावर. ५,००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही. म्हणजे ज्याला कार्ड सापडलं तो तुमची दिवसाची मर्यादा संपेपर्यंत टॅप करू शकतो. ती मर्यादा १,००० वर आणा, किंवा टॅप बंद ठेवा, कार्ड मशीनमध्ये घालून पिन देता येतोच. फोनवरून टॅप करत असाल तर तिथे टोकनच जातो. पावतीवर शेवटचे चार आकडे वेगळे दिसले म्हणून घाबरू नका, ते टोकनचे असतात.

कुलकर्णी काका (ए २०२): मला परवा फोन आला होता. 'तुमचं कार्ड टोकनाइज नाही, आज बंद पडेल, ओटीपी सांगा.'

स्नेहा (सी ५०१): फोनवरून टोकन कधीच होत नाही, काका. टोकनची सक्तीही नाही, नको असेल तर दर वेळी नंबर भरायचा. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. टोकनसाठी असेल तर तसं लिहिलेलं असतं. रक्कम आणि दुकानाचं नाव दिसलं तर समोरचा माणूस त्या क्षणी तुमच्या कार्डाने खरेदी करतोय.

निखिल (बी १०४): आता माझं पुढे काय?

स्नेहा (सी ५०१): ब्लॉक केलंस ते चांगलं केलंस. दोन्ही व्यवहारांबद्दल बँकेकडे लेखी तक्रार आजच टाक, तक्रार क्रमांक घे, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंदव. दुसरीकडून नंबर फुटला असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर केलास तर वाद वाढतो.

निखिल (बी १०४): नवीन कार्ड आल्यावर सगळ्या ॲपमध्ये परत भरायचं?

स्नेहा (सी ५०१): जुनी जोडणी आपोआप नवीन कार्डावर जात नाही, तुझी संमती लागते. बँक कुठे ठेवायचं ते विचारेल. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कोणकोणत्या दुकानांकडे टोकन आहे ती यादी बघ. काढून टाकलेल्या ॲपचेही टोकन तिथे सापडतील, कारण फोनवरून ॲप उडवलं म्हणून टोकन रद्द होत नाही. नको असलेले तिथूनच काढायचे.

कुलकर्णी काका (ए २०२): बघितलं आत्ता. सात दुकानं आहेत. त्यातली तीन तर मी ओळखतही नाही.

स्नेहा (सी ५०१): नावं कधी कधी कंपनीची असतात काका, ॲपची नव्हे. स्क्रीनशॉट इथे टाकू नका, मला वेगळा पाठवा. त्यावर कार्डाचे आकडे असतात.