बाबांचे केस: सलूनवाल्याला काय सांगायचं

"बाबांना केस रंगवायचेत, पण रंगवलेत हे कुणाला कळू नये असं त्यांना वाटतं. सलूनवाल्याला मेसेज कसा करू?"

मी आमच्या सलूनवाल्या दादांना केलेला मेसेज देतो:

"दादा, गुरुवारी दुपारी तीनला बाबांना घेऊन येतो, तेव्हा गर्दी नसते. काळा नको, गडद तपकिरी, बिनअमोनियाचा तात्पुरता रंग घ्या. सगळं डोकं झाकू नका. कंगव्याने वरवर ओढा, कानशिलांवर थोडे पांढरे राहू द्या. दहा मिनिटांत धुवा. बाकी गिऱ्हाइकांसमोर विषय काढू नका, बाबांना अवघडल्यासारखं होतं."

काळा का नको, तर वय झालेल्या चेहऱ्यावर गच्च काळे केस टोपी घातल्यासारखे दिसतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मुळाशी पांढरी रेघ उठते. बिनअमोनियाचा तात्पुरता रंग धुता धुता हळूहळू उतरतो, त्यामुळे ती रेघ ठळक होत नाही. मिशीला वेगळं सांगा. तिथे पाच मिनिटांनी पुसून बघायचं, कारण केसांपेक्षा मिशी गडद झाली की लगेच कळतं. कपाळाच्या कडेला आधी व्हॅसलीन लावलं तर कातडीवर डाग पडत नाही.

दोन दिवस आधी मात्र तोच रंग कानामागे थेंबभर लावून बघा. बिनअमोनियाच्या रंगातही बहुधा पीपीडी किंवा तसलंच ॲलर्जी आणू शकणारं रसायन असतं. खाज किंवा लाली आली तर तो रंग लावूच नका. आमच्या बाबांना पहिल्या रंगाने खाज सुटली होती, म्हणून आम्ही दुसरा घेतला.