लांब कार्यक्रमाच्या सुरुवातीला वेळेचे आणि मोबाईलचे नियम कसे सांगावेत?

ऐरोलीकरीण
आमच्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव आहे. आवारात मांडव, वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. व्यासपीठावर नऊ जण आणि नऊही जण बोलणार, प्रत्येकी सहा मिनिटं. त्यात २४ सत्कार, मुलांचे ११ कार्यक्रम आणि शेवटी जेवण. सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. कार्यक्रमाची रूपरेषा सांगतानाच वेळेचं बंधन आणि मोबाईलचं सांगायचं आहे, पण पाहुण्यांना तो दम वाटता कामा नये. माझ्या हातात दोन मिनिटं आहेत आणि खर्चाला ३०० रुपये. नेमकं काय बोलू आणि कधी?

नेरूळ_पूर्व
वक्त्याच्या समोर खाली एक टीव्ही ठेवा आणि त्यावर उलटं मोजणारं घड्याळ लावा. आमच्या सोसायटीने कायमचा विकत घेतलाय. एकदाच खर्च, मग २५ वर्षं चिंता नाही. स्वस्तात करायला गेलात की पस्तावाल.

निवृत्त_मुख्याध्यापक
घंटा. पाचव्या मिनिटाला एक, सहाव्याला दोन. वक्तृत्व स्पर्धेत हेच चालतं आणि सगळ्यांना कळतं. खर्च शून्य, देवघरातली आणली तरी चालेल.

माईकमास्तर
सर, स्पर्धेत घंटा चालते कारण तिथे मुलांना गुण मिळायचे असतात. सत्तरीच्या प्रमुख पाहुण्यांना घंटा वाजवली की सभा त्यांची बाजू घेते आणि ते आणखी चार मिनिटं बोलतात. चिठ्ठी त्याहून वाईट. वक्ता थांबतो, चष्मा लावतो, ती वाचतो आणि "मला वेळेची सूचना आली आहे" यावरच बोलायला लागतो.

ताई, आधी तुमचा हिशोब बघा. नऊ वक्ते गुणिले सहा म्हणजे ५४ मिनिटं, हे फक्त कागदावर. प्रत्येकाची ओळख, खुर्चीतून उठून येणं, माईक खालीवर करणं यात दीड मिनिट जातं, म्हणजे वर आणखी तेरा-चौदा. आणि खरी गळती "व्यासपीठावर उपस्थित सन्माननीय..." मध्ये आहे. नऊ नावं पदांसकट घ्यायला पाऊण मिनिट लागतं. नऊही जणांनी ती घेतली तर पावणेसात मिनिटं, म्हणजे एका अख्ख्या भाषणाहून जास्त. शिवाय वक्त्याच्या मनात त्याची सहा मिनिटं नावं संपल्यावर सुरू होतात.

म्हणून रूपरेषा सांगताना पहिला नियम हाच ठेवा: "व्यासपीठावरील सर्व मान्यवरांचं नावानिशी स्वागत मी आता आपल्या सगळ्यांच्या वतीने करते आहे. पुढच्या वक्त्यांनी थेट विषयाला सुरुवात करावी, ही विनंती." नावं खरोखर सगळी घ्या आणि क्रम सचिवांकडून आधी तपासून घ्या. एक जरी राहिलं तर पुढचा वक्ता ते घ्यायला लागतो आणि मग बाकीचे आठही घेतो.

घोडबंदर_रोड
+१. घंटाच बरी.

कळव्याचा_पाहुणा
वेळेचं कारण तुमच्या नावावर घेऊच नका. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा कायदाच आहे. ते आधी सांगा म्हणजे कुणाला राग यायचं कारण नाही.

नेरूळ_पूर्व
बारापर्यंत परवानगी मिळते की.

कळव्याचा_पाहुणा
अर्धं बरोबर. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं आणि ते दिवस आधी जाहीर होतात. सोसायटीचा वाढदिवस त्यात बसत नाही. बंदिस्त सभागृहाला दहाचं बंधन तसं लागत नाही, पण यांचा मांडव आवारात आहे, त्यामुळे इथे ते लागू आहे. मात्र साडेनऊला संपवायचं असेल तर साडेनऊच सांगा. दहा ऐकलं की लोक दहा धरून चालतात.

सूत्रधार_पाचपाखाडी
माईकमास्तरांशी सहमत, पण नियम सभेसमोर पहिल्यांदा ऐकवला तर तो अपमानच वाटतो. दोन दिवस आधी नऊही जणांना फोन करा आणि "सहा मिनिटं" एवढंच नको, घड्याळाची वेळ सांगा: "काका, तुम्ही सात दहाला सुरू करून सात सोळाला थांबायचं." मग व्यासपीठावर बोलताना त्यांना फक्त आठवण होते.

खुणेसाठी पुठ्ठ्याचे दोन कागद पुरतात, पिवळा पाच मिनिटांना आणि लाल सहाला. धरणारा माणूस पहिल्या रांगेत आणि बरोबर मधोमध हवा. संध्याकाळी हॅलोजन डोळ्यांवर आले की वक्त्याला तिसऱ्या रांगेपलीकडे काही दिसत नाही. दिवे लावून एकदा स्वतः माईकपाशी उभं राहून बघा. आणि खूण सगळ्यांना सारखी. अध्यक्षांना लाल दाखवायचा नसेल तर कुणालाच दाखवू नका.

निवृत्त_मुख्याध्यापक
२४ सत्कारांबद्दल कुणी बोलत नाही. शाल-श्रीफळ बंद करून गुलाब द्या, तिथेच वेळ वाचतो.

सूत्रधार_पाचपाखाडी
वेळ शालीत जात नाही सर, चालण्यात जातो. नाव घेतल्यावर माणूस मागच्या रांगेतून निघतो. फोटो धरून सव्वा मिनिट, म्हणजे २४ जणांना अर्धा तास. पुढचे तिघे आधीच पायरीपाशी उभे असले तर चाळीस सेकंदांत होतं, एकूण सोळा मिनिटं. हेही रूपरेषेतच सांगून ठेवायचं.

वाशी_सेक्टर_१७
मोबाईलसाठी जॅमर भाड्याने मिळतो का बघा.

माईकमास्तर
अजिबात नको. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे. कुणाला चक्कर आली तर रुग्णवाहिकेलाही फोन लागणार नाही.

मोबाईलसाठी दोन वेगळ्या सूचना लागतात. प्रेक्षकांना नुसतं "सायलेंट करा" म्हणू नका. सायलेंटवर ठेवलेल्या फोनचा गजर बहुतेक वेळा वाजतोच आणि संध्याकाळी औषधाचा गजर लावलेले आजी-आजोबा पहिल्याच रांगेत असतात. "आवाज बंद करा आणि आठ-साडेआठचा गजर असेल तर तोही आत्ता काढा" असं म्हणा, आणि मग दहा सेकंद खरोखर गप्प बसा. त्या शांततेतच हात खिशाकडे जातात. लगेच पुढचं वाक्य घेतलं तर कुणी हलत नाही.

वक्त्यांना: फोन खुर्चीवर ठेवून या. व्हायब्रेटवरचा फोन लाकडी पोडियमवर घरघरला की माईक ते ढोलासारखं उचलतो. भाषण फोनवरच लिहिलं असेल तर फ्लाइट मोड, नाहीतर ऐन वाक्यात कॉल येऊन मजकूर झाकला जातो.

मांडवातली_आई
फोन बंद ठेवा म्हणालात तरी आईबाप मुलांचं शूटिंग करणारच. त्यापेक्षा डावीकडची मोकळी पट्टी त्यांना द्या, मूल रंगमंचावर असेपर्यंत तिथे उभं राहायचं आणि मग परत जागेवर. फ्लॅश मात्र बंद. तो तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नाही, फक्त पुढच्याचं डोकं उजळतं. आणि ही सूचना साडेपाचला सांगून उपयोग नाही. निम्मे लोक सहानंतर येतात. मुलांच्या कार्यक्रमांआधी पुन्हा सांगा.

घोडबंदर_रोड
जेवण आधी ठेवलं तर? मग भाषणं आपोआप छोटी होतील.

नेरूळ_पूर्व
मग ऐकायला कोण थांबणार?

ऐरोलीकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते सांगते. व्यासपीठावरची नावं मी एकदाच घेणार, गजराचं वाक्य आणि दहा सेकंदांची शांतता घेणार, शूटिंगची पट्टी चुन्याने आखणार. मोबाईलची सूचना मुलांच्या आधी पुन्हा देणार.

घंटा, टीव्ही, रंगीत कागद यातलं काहीच करणार नाही. नऊपैकी सहा जण आमच्याच इमारतीतले ज्येष्ठ आहेत, त्यांना लाल कागद दाखवायला माझा हात उचलणार नाही. त्याऐवजी प्रत्येकाच्या सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ छापील कार्यक्रमपत्रिकेतच टाकते आहे, १५० प्रती, सोसायटीच्याच प्रिंटरवर. वेळ झाली की मी माईकजवळ येऊन उभी राहीन.

सूत्रधार_पाचपाखाडी
पत्रिकेत वेळ छापली आणि पहिलाच पाहुणा वीस मिनिटं उशिरा आला, तर पुढच्या सगळ्या वेळा खोट्या ठरतील. निदान दोन ठिकाणी दहा-दहा मिनिटं मोकळी सोडा.

ऐरोलीकरीण
एक जागा सोडलीय, सत्कारांनंतर. दुसरी कुठून काढू ते कळत नाही. मुलांचा एकही कार्यक्रम कापणार नाही.