‘नंबर दे, लावतो’ म्हणजे विचारणं झालं का?

सदरवाला: डेटिंग ॲपवर गप्पा मस्त चालल्या असतील तर महिनाभर टाइप कशाले करायचं? सरळ ‘नंबर दे, लावतो’ म्हणायचं. जिला बोलायचं ती देते, बाकीच्यांना रामराम. वेळबीळ ठरवायला ही काय ऑफिसची मीटिंग आहे?

खामल्याची कावेरी: हे वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितेय. तुमच्या त्या तीन शब्दांत दोन मागण्या आहेत: नंबर हवा, आणि आत्ता हवा. मे महिन्यात रात्री नऊला आमचं अख्खं घर एकाच कूलरसमोर असतं. समोर आई, बाजूला भाऊ, वर कूलरची घरघर. मी कुठं बोलणार? मग मी गप्प बसते आणि तुम्ही समजता, हिला इंटरेस्ट नाही.

माझ्याशी एकाने कसं केलं ते सांगते. सावजी रस्सा घरी का जमत नाही यावर आमची जोरदार जुंपली होती. गप्पा रंगल्या असतानाच त्याने लिहिलं, ‘आमच्या आजीची रस्स्याची भानगड लिहून सांगण्यासारखी नाही, बोलायलाच पाहिजे. गुरुवारी रात्री साडेनऊला किंवा रविवारी सकाळी अकराला पंधरा-वीस मिनिटं जमेल? नुसता आवाज, ॲपमधूनच. नाही जमलं तर इथंच भांडू.’ बोलायला निमित्त होतं, कॉल कधी संपणार ते माहीत होतं आणि नंबर द्यायचा नव्हता. मी म्हटलं गुरुवार नको, रविवार चालेल. रविवारी अकराला त्याने आधी ‘लावू का?’ विचारलं. मी ‘पाच मिनिटं’ म्हटलं, गच्चीवर गेले, मग त्याने लावला.

सदरवाला: बाप रे! तहसीलदाराकडे अर्ज केला का त्याने? सोबत स्टॅम्पपेपर नाही जोडला?

मिहान नाईट शिफ्ट: वेळ सांगायचं पटलं, पण नीट सांगा बे. मी एकीला ‘शनिवारी रात्री साडेबारा’ म्हटलं. माझ्या डोक्यात शनिवार संपल्यावरचे साडेबारा. ती शुक्रवारी रात्रीच जागत बसली, वरून मलाच शिव्या. मात्र नुसता आवाज हा मूर्खपणा आहे. पहिलाच कॉल व्हिडिओ पाहिजे. फोटो कोणाचा, माणूस कोण, लगेच कळतं.

उमरेड रोडचे काका: व्हिडिओचं नावच काढू नका. मुलीसाठी आलेल्या एका स्थळाने न सांगता व्हिडिओ लावला. पलीकडे मुलगा, आईवडील, मावशी आणि कोण कोण. आमची पोरगी डोक्याला तेल लावून भांडी विसळत होती. मावशी म्हणे, ‘जरा उभी राहा बरं.’ ही काय रीत झाली?

कावेरी: काका, इथं स्थळाचा विषय नाही. पण न विचारता कॅमेरा चालू करणं दोन्हीकडे वाईटच.

सायबर कॅफेवाला दादा: मिहान, अर्धंच बरोबर बोललास. ओळख पटायला व्हिडिओ चांगला, पण पहिल्याच दिवशी व्हिडिओसाठी हट्ट धरणाऱ्यांत फसवणारेही असतात. कॉलवर अश्लील काही दाखवतात, तुझ्या चेहऱ्यासकट रेकॉर्ड करतात आणि मग पैसे मागतात. तसं झालं तर पैसे द्यायचे नाहीत, सगळं जपून ठेवायचं आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. म्हणून समोरचीला व्हिडिओची भीती वाटली तर ती खोटी आहे असं धरू नकोस. आधी आवाज, मग तिची तयारी असेल तर दोन मिनिटं चेहरा. आणि व्हॉट्सॲपवर लावलास तर नंबर गेलाच. ॲपमध्ये कॉलची सोय नसेल तर गूगल मीटची लिंक पाठव. त्यात नंबर लागत नाही, पण ईमेल खात्यावरचं नाव आणि फोटो दिसतो, तेवढं आधी बघून घे.

मिहान नाईट शिफ्ट: म्हणजे आता मीच चोर? मला एका खोट्या प्रोफाइलने किती घुमवलं ते मलाच माहीत. मी व्हिडिओच मागणार.

दादा: माग की! तिने नाही म्हटल्यावर तोंड फुगवू नकोस एवढंच.

सदरवाला: बरं, तिने ‘बघू’ म्हटलं तर काय समजायचं? पुन्हा विचारायचं का?

कावेरी: ‘गुरुवार नको, रविवारी चालेल’ म्हणजे हो. नुसतं ‘बघू’ आणि लगेच दुसरा विषय म्हणजे सध्या नाही. मग तीच पुन्हा विषय काढेपर्यंत कॉलबद्दल गप्प राहायचं आणि गप्पा पहिल्यासारख्याच चालू ठेवायच्या. लगेच एकेका शब्दात उत्तरं द्यायला लागलात, तर ‘इथंच भांडू’ ही थाप होती हे तिला कळतं.

मिहान नाईट शिफ्ट: हे नाही पटत. मी परीक्षेच्या गडबडीत ‘बघू’ म्हटलं होतं आणि खरंच विसरलो. तिने आठवड्याने एकदा आठवण करून दिली म्हणून बोलणं झालं.

कावेरी: एकदा ठीक. पण ‘एकदाच’ म्हणणारे कुठं थांबतात ते आम्हाला विचारा.

सदरवाला: चला, वेळेचे दोन पर्याय लिहून पाठवतो, मॅडम. ‘लावू का?’ पण विचारतो. अर्जावर तिकीट किती रुपयांचं लावू तेवढं सांगा.

उमरेड रोडचे काका: पण त्या मावशीला काय म्हणायला पाहिजे होतं, ते कोणीच नाही सांगितलं.