मदत हवी आहे: गुळगुळीत झालेलं चांदीचं नाणं, नाव वाचता येत नाही, कडेवर थोडी अक्षरं आहेत

मंजिरी_०७
आजोबांच्या डब्यात एक मोठं चांदीचं नाणं सापडलं. एका बाजूला उजवीकडे तोंड केलेलं पुरुषाचं डोकं आहे, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल. भोवतीचा मजकूर पार गेलाय, तारखेचा फक्त १८ दिसतो. व्यास ३८ मिमी, वजन २४.४ ग्रॅम. ढालीच्या बाजूला तळाशी दोन बारीक चित्रं आहेत. डावीकडे एक तिरकी रेघ आणि तिला छोटा आडवा तुकडा, उजवीकडे काठीला गुंडाळलेले साप. वैद्यकीय पदक असेल का? कडेवर ई, टी, मग जरा जागा सोडून ओ, एन एवढंच लागतंय.

खणखणाट
सोपं आहे. जर्मन ५ मार्क. कडेवर ‘गॉट मिट उन्स’ असतं, तुम्हाला त्यातलंच मिट उन्स दिसतंय. झिजल्यामुळे आयचा ई वाटतो आणि यूचा ओ. व्यासही ३८ मिमीच असतो.

मंजिरी_०७
आयचा ई कसा होईल पण? तीन आडव्या रेघा स्पष्ट आहेत.

जुना_गल्ला
मंजिरीताई, तुमचे डोळे बरोबर आहेत. आणि खणखणाट, व्यास जुळतो खरा, पण वजन पाहा ना. ५ मार्क नवं असताना २७.७७ ग्रॅमचं असतं. ते झिजून २४.४ व्हायचं तर आठवा हिस्सा चांदी उडायला हवी. इतक्या झिजलेल्या नाण्याच्या कडेवर अक्षरं शिल्लक राहतील कशाला? तेच मूळ वजन २५ ग्रॅम धरलं तर अर्धा-पाऊण ग्रॅम गेला, हे पटण्यासारखं आहे.

२५ ग्रॅमचं फ्रान्सचं ५ फ्रँकही आहे, पण ते ३७ मिमीचं. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या त्या नाण्यांवर कडेची अक्षरं उठावाची असतात. तुमची खोदलेली आहेत का? नखाने कळत नसेल तर पातळ कागद कडेवर घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. खोदलेली असतील तर अक्षरं पांढरी राहतात. आणि कृपा करून आधी धुऊ नका, खाचेतला काळा मळच अक्षर वाचायला मदत करतो.

मंजिरी_०७
केलं. अक्षरं पांढरी आली. आता एम, ई, टी, मग एक तारा, मग ओ, एन, एस. म्हणजे मेट ऑन्स?

जुना_गल्ला
म्हणजे डच. पूर्ण वाक्य ‘गॉड झेइ मेट ऑन्स’, देव आमच्यासोबत असो. नाणं अडीच गुल्डनचं.

आता ती दोन चित्रं. साप गुंडाळलेली काठी म्हणजे वैद्यांची नव्हे, मर्क्युरी देवाची. वर पंख असतात, ते बहुधा झिजले. ती उट्रेख्त टांकसाळीची खूण, आणि ती बदलत नाही. तिरकी रेघ म्हणजे तलवार. ही टांकसाळप्रमुखाची खूण, माणूस बदलला की चित्र बदलतं. तलवारीच्या आधी लिली होती, नंतर कुऱ्हाड आली. तलवार १८४६ ते १८७४. या काळात दोन राजे येतात, पण दुसऱ्या विल्यमचं तोंड डावीकडे, तिसऱ्याचं उजवीकडे. तुमचं उजवीकडे, म्हणून तिसरा, १८४९ ते १८७४.

खणखणाट
बरं, आमचं जर्मनी गेलं. पण ती रेघ कुऱ्हाडीचा दांडाही असू शकेल की!

जुना_गल्ला
नुसती रेघ असती तर मीही बिचकलो असतो. आडवा तुकडा टोकाजवळ आहे आणि दोन्हीकडे सारखा बाहेर येतो, ती तलवारीची मूठ. कुऱ्हाडीचं पातं एका अंगाला असतं.

पिंपळपान
माझ्याकडेही डच २५ सेंटचं आहे, पण त्यावर पी आणि ओकचं फळ. मर्क्युरीची काठी नाही. खोटं आहे ना?

जुना_गल्ला
नाही हो. तारीख १९४४ किंवा १९४५ असेल. देश जर्मनांच्या ताब्यात असताना ती नाणी अमेरिकेत फिलाडेल्फियात पाडली, पी त्याचाच. टांकसाळीचं अक्षर नाणं कुठे पाडलं ते सांगतं, कोणाचं आहे ते नाही. मंजिरीताईंच्या बाबतीतही मी आधी कड पाहिली, काठी नंतर, ती यासाठीच.

मंजिरी_०७
साल नाही का काढता येणार? शेवटचा आकडा ४ असल्यासारखा वाटतो.

जुना_गल्ला
१८७४ असेल तर काही नाण्यांवर तलवारीजवळ तीन पानांचं क्लोव्हरही असतं. दिवा टेबलाच्या पातळीला ठेवून नाणं हळूहळू फिरवा आणि मुठीच्या आसपास बघा. ते दिसलं तर साल मिळालं. नाही दिसलं तर १८७४ बाद होत नाही, कारण नुसत्या तलवारीचीही त्या सालची नाणी आहेत.

मंजिरी_०७
बाजूला एक गोळा दिसतोय, पण मळ की पान ते कळत नाहीये. फोटो काढून टाकते.

पिंपळपान
माझ्यावर तारीख १९४१ आहे आणि ओकच्या फळाऐवजी झाड वाटतं. मग?